CAD मध्ये होल काढताना नुसतं वर्तुळ का काढू नये? M6 बोल्टचं एक पूर्ण उदाहरण

आजचा विषय फोनवर CAD शिकणाऱ्यांसाठी आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पार्ट बनवून घेणाऱ्यांसाठी आहे. CAD सॉफ्टवेअरमध्ये बोल्टसाठी होल काढायचा असेल तर बहुतेक जण स्केचमध्ये वर्तुळ काढतात आणि एक्स्ट्रूड करून आरपार कापतात. स्क्रीनवर ते बरोबरच दिसतं. चूक वर्कशॉपमध्ये कळते, तोवर धातू कापून झालेला असतो.

मी आज सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण डिग्री इंजिनिअरिंगची आहे आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. म्हणून आधी ती सांगतो आणि मग त्याच प्लेट्स योग्य पद्धतीने कशा काढायच्या ते पाहूया.

## चार होल, चार आकडे

शेवटच्या वर्षाला आमचा चौघांचा प्रोजेक्ट होता, एक छोटा कन्व्हेअर. त्याची मोटर बसवायला ॲल्युमिनियमच्या दोन प्लेट्स लागणार होत्या. वरची १० मिमी जाड, खालची २५ मिमी जाड. दोन्ही चार M6 ॲलन बोल्टने जोडायच्या आणि बोल्टचं डोकं वरच्या प्लेटमध्ये पूर्ण बुडायला हवं, कारण त्यावरून मोटरचा बेस सरकणार होता.

ड्रॉइंग माझ्याकडे होतं. मी असा विचार केला: बोल्ट M6 म्हणजे ६ मिमी, तर होल ६ मिमीचा. डोकं मोजलं तर १० मिमी, तर खड्डा १० मिमीचा. डोक्याची उंची ६ मिमी, तर खड्डा ६ मिमी खोल. खालच्या प्लेटमध्ये आटे पाडायचेत, तिथेही M6, म्हणजे ६ मिमीचं वर्तुळ. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि जरीपटक्याहून कामठी रोडकडच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन दिली. त्यांनी फाइलमध्ये होतं तसंच मशीनिंग केलं.

दोन दिवसांनी आणायला गेलो तेव्हा तिथले काका खालची प्लेट हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "भाऊ, सहाच्या भोकात सहाचे आटे कुठं पाडू? टॅप तर नुसता आत पडून राह्यला."

खरंच, टॅप हाताने सोडला की आत जात होता. वरच्या प्लेटमध्ये एकटा बोल्ट रखडत जायचा, पण डोकं खड्ड्याच्या काठावरच अडकायचं. रिव्ह्यूला चार दिवस उरले होते. माझ्या चार आकड्यांपैकी तीन चुकीचे होते आणि चौथा अगदी काठावर होता.

## M6 हा होलचा आकार नाही

M6 हे बोल्टच्या आट्यांचं नाव आहे. M म्हणजे मेट्रिक आणि ६ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास. त्या बोल्टसाठी किती मोठा होल पाहिजे हे तो होल कोणतं काम करणार यावर ठरतं. आमच्या दोन प्लेट्समध्ये तीन वेगळी कामं होती.

पहिलं काम: बोल्ट नुसता आरपार जाऊ देणं. याला क्लिअरन्स होल म्हणतात. हा बोल्टपेक्षा मोठा हवा. एकच बोल्ट असेल तर ६ मिमीमधून कसाबसा जाईलही, पण चार होल एकमेकांपासून अगदी तंतोतंत अंतरावर कधीच पडत नाहीत. दोन प्लेट्समध्ये थोडा फरक राहतोच आणि मग तिसरा-चौथा बोल्ट तिरका होऊन अडकतो. म्हणून आयएसओ २७३ या स्टँडर्डमध्ये प्रत्येक बोल्टसाठी तीन आकार दिलेले आहेत. M6 साठी बारीक ६.४, मध्यम ६.६ आणि सैल ७ मिमी. साधारण कामाला मध्यम घेतात.

दुसरं काम: आटे धरणं. हा टॅप्ड होल. यात आधी बोल्टपेक्षा लहान ड्रिल मारतात आणि मग टॅप फिरवून भिंतीतच आटे कापतात. म्हणजे भिंतीत आट्यांसाठी धातू शिल्लक असायला हवा. ड्रिल किती मिमीचं, याचं सोपं गणित आहे: व्यासातून पिच वजा करा. पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. M6 ची नेहमीची पिच १ मिमी, म्हणून ६ − १ = ५ मिमी. मी ६ मिमी दिला होता, म्हणजे ज्या धातूत आटे कापायचे तो सगळा मीच काढून टाकला होता.

तिसरं काम: डोकं बुडवणं. ॲलन बोल्टसाठी सपाट तळाचा खड्डा लागतो, त्याला काउंटरबोर म्हणतात. M6 ॲलन बोल्टचं डोकं १० मिमीचं असतं, पण ज्या डोक्याला बाजूने खाचा असतात ते स्टँडर्डनुसार १०.२२ मिमीपर्यंत असू शकतं. त्यामुळे १० मिमीच्या खड्ड्यात ते अडकणारच. काउंटरबोरसाठी डीआयएन ९७४ च्या तक्त्यात M6 ला ११ मिमी आहे.

म्हणजे एकाच M6 बोल्टसाठी ५, ६.६ आणि ११ असे तीन व्यास निघाले. ६ हा आकडा त्यात कुठेच नाही.

नेहमी लागणाऱ्या चार बोल्टचे आकडे खाली देतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

| बोल्ट | आट्यांसाठी ड्रिल | आरपार होल (मध्यम) | ॲलन डोक्याचा काउंटरबोर |
|---|---|---|---|
| M4 | ३.३ मिमी | ४.५ मिमी | ८ मिमी |
| M5 | ४.२ मिमी | ५.५ मिमी | १० मिमी |
| M6 | ५.० मिमी | ६.६ मिमी | ११ मिमी |
| M8 | ६.८ मिमी | ९ मिमी | १५ मिमी |

भारतीय मानकांमध्ये मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ आहे. आटे तेच असल्यामुळे इथल्या दुकानातला M6 बोल्ट आणि सॉफ्टवेअरमधला `ISO` चा M6 यात काही फरक पडत नाही.

## Hole फीचर वेगळं काय करतं?

हे तक्ते CAD सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेले असतात. ऑनशेप, फ्यूजन, फ्रीकॅड या सगळ्यांत `Hole` नावाचं फीचर आहे. सॉलिडवर्क्समध्ये त्यालाच `Hole Wizard` म्हणतात. तुम्ही फक्त जागा दाखवायची, बोल्टचं नाव आणि होलचं काम सांगायचं. व्यास तक्त्यातून येतो.

एक मोठा फरक लक्षात घ्या. वर्तुळात फक्त एक आकडा साठवलेला असतो. सहा महिन्यांनी फाइल उघडली की ६.६ हे कशासाठी होतं ते आठवावं लागतं. `Hole` फीचरमध्ये मात्र "M6 साठी आरपार, मध्यम" हे साठवलेलं असतं. उद्या M8 लावायचं ठरलं तर यादीतून M8 निवडायचं. आरपार होल ९ होतो, काउंटरबोर १५ होतो, ड्रिल ६.८ होतं. वर्तुळं असती तर हे सगळे आकडे शोधून एकेक बदलावे लागले असते आणि एखादा नक्की राहिला असता.

## त्याच दोन प्लेट्स, आता ऑनशेपमध्ये

मी इथे ऑनशेप घेतोय, कारण ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर ॲपमध्ये चालतं, लॅपटॉप नसला तरी करून पाहता येतं. फ्री अकाउंटमधल्या फाइल्स मात्र सगळ्यांना दिसतात, हे ध्यानात ठेवा. आवृत्तीनुसार बटणांची जागा थोडी बदलू शकते.

१. दोन्ही प्लेट्स एकावर एक अशा वेगळ्या पार्ट म्हणून बनवा. वरची १० मिमी, खालची २५ मिमी.

२. वरच्या प्लेटच्या वरच्या पृष्ठभागावर स्केच उघडा. वर्तुळ काढू नका. `Point` टूलने चार बिंदू ठेवा आणि प्रत्येक बिंदूला कडेपासून १० मिमी असं माप द्या. स्केचचं काम एवढंच, जागा दाखवणं.

३. `Hole` उघडा आणि ते चार बिंदू निवडा. प्रकार `Counterbore` घ्या.

४. स्टँडर्ड `ISO` घ्या. साइज `M6`, फिट `Normal`. आरपार होल ६.६ दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढे जाऊ नका, स्टँडर्ड चुकून `ANSI` राहिलंय का ते पाहा.

५. होल कुठपर्यंत जाणार, यासाठी `Blind in last` निवडा आणि `Merge scope` मध्ये दोन्ही प्लेट्स घ्या. यामुळे वरच्या प्लेटमध्ये आरपार होल आणि शेवटच्या प्लेटमध्ये आट्यांचा होल, दोन्ही एकाच फीचरमधून निघतात. जागाही एकच, त्यामुळे दोन प्लेट्सचे होल मॉडेलमध्ये कधीच सरकत नाहीत.

६. काउंटरबोरचा व्यास आणि खोली नीट वाचा. व्यास ११ आणि खोली ६.५ ठेवा. डोकं ६ मिमी उंच आहे, अर्धा मिमी जास्त दिला की ते नक्की बुडतं. माझा जुना ६ हा आकडा "काठावर" म्हटला तो यामुळेच: खड्डा जरा कमी खोल पडला असता तर डोकं वर आलं असतं.

फ्रीकॅडमध्ये बिंदूंऐवजी वर्तुळं काढून `Hole` लावण्याची पद्धत आहे. पण तिथेही वर्तुळाचा फक्त केंद्रबिंदू घेतला जातो, व्यास तक्त्यातूनच येतो. म्हणून वर्तुळ केवढं काढलं याने काही बिघडत नाही.

## खोली मात्र तुम्हालाच ठरवायची आहे

व्यास तक्ता देतो, पण प्लेट किती जाड आहे आणि दुकानात कोणता बोल्ट मिळणार हे तक्त्याला माहीत नसतं. हे गणित एकदा हाताने करूया.

वरची प्लेट १० मिमी, त्यात खड्डा ६.५ मिमी. डोक्याखाली ३.५ मिमी धातू उरला. १६ मिमी लांबीचा M6 बोल्ट घेतला तर १६ − ३.५ = १२.५ मिमी बोल्ट खालच्या प्लेटमध्ये जाणार. ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून त्यात आट्यांची पकड बोल्टच्या व्यासाच्या साधारण दुप्पट असावी. दुप्पट म्हणजे १२. आपल्याकडे १२.५ आहे, ठीक.

आता आटे किती खोल पाडायचे? १२.५ च दिले तर काठावर येतं. १२ दिले तर बोल्ट आट्यांच्या शेवटाला टेकेल, पाना घट्ट झाल्यासारखा वाटेल, पण डोकं अजून प्लेटवर बसलेलंच नसेल. प्लेट हलते आणि बोल्ट मात्र घट्ट, असं दिसलं तर हीच चूक समजा. म्हणून आटे १५ मिमी देऊया.

ड्रिल त्याहून खोल हवं. टॅपच्या टोकाचे दात निमुळते असतात, ते पूर्ण आटे कापत नाहीत. शिवाय कापलेली बुकणी जायला जागा लागते. M6 साठी साधारण ५ मिमी जास्त देतात, म्हणजे ड्रिल २० मिमी. ड्रिलचं टोक शंकूसारखं असतं, ५ मिमीच्या ड्रिलला ते आणखी दीड मिमी खाली जातं. एकूण २१.५. प्लेट २५ मिमीची आहे, तळाला ३.५ मिमी उरतात. जमलं.

आटे आणि ड्रिल दोन्हींना एकच खोली दिली तर टॅप तळाला आपटतो. टॅप कडक पण ठिसूळ असतो, तिथेच तुटतो आणि तुटलेला तुकडा काढणं नवीन प्लेट करण्याहून महाग पडू शकतं.

## सीएसके स्क्रू असेल तर?

दुकानात ज्याला सीएसके म्हणतात तो सपाट डोक्याचा स्क्रू. त्याचं डोकं शंकूसारखं असतं, म्हणून खड्डाही शंकूच लागतो. त्याला काउंटरसिंक म्हणतात. इथे वर्तुळ काढून कड कापण्यापेक्षा `Hole` फीचरचा `Countersink` प्रकार घेणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण यात कोनही असतो. मेट्रिक स्क्रूचा कोन ९० अंश, तर अमेरिकन इंच स्क्रूचा ८२ अंश. सॉफ्टवेअर `ANSI` वर राहिलं तर कोन चुकतो आणि डोकं खड्ड्यात पूर्ण बसण्याऐवजी फक्त एका कडेवर टेकतं. स्क्रू काढून पाहा, खड्ड्यात सगळीकडे घासल्याची खूण नसून एकच बारीक गोल रेघ दिसली तर कोन चुकलाय.

आणखी एक गोष्ट. ९० अंशाच्या खड्ड्यात खोली अर्धा मिमी वाढली की वरचा व्यास १ मिमीने वाढतो. शिवाय शंकू स्क्रूला मध्यभागी ओढतो, त्यामुळे आरपार होलमध्ये ठेवलेली ०.६ मिमीची मोकळीक कामाची राहत नाही. चार सीएसके स्क्रू असतील तर होलच्या जागा बऱ्यापैकी अचूक लागतात. झाकणाच्या पातळ पत्र्याला सीएसके छान, पण आमच्या मोटरच्या प्लेटला ॲलन बोल्टच बरा.

## वर्कशॉपला काय पाठवायचं?

इथे बरेच जण फसतात. मॉडेलमध्ये आटे खरे कापलेले नसतात, फक्त तशी खूण असते. STEP फाइल पाठवली की समोरच्याला ५ मिमीचा साधा गोल होल दिसू शकतो. तो ५ मिमीचं ड्रिल मारून देईल, आटे नाहीत. त्याची चूक नाही, फाइलमध्ये ते पोहोचलंच नाही.

म्हणून STEP सोबत ड्रॉइंगची PDF द्या. ड्रॉइंगमध्ये `Hole` फीचरच्या होलवर कॉलआउट लावला की माहिती आपोआप भरते. आपल्या दोन प्लेट्ससाठी त्यात एवढं असायला हवं:

```
वरची:   4x ⌀6.6 THRU   ⌴ ⌀11 ↧ 6.5
खालची:  4x ⌀5 ↧ 20   M6x1 - 6H ↧ 15
```

`⌴` म्हणजे काउंटरबोर, `↧` म्हणजे खोली. वर्तुळ कापून केलेल्या होलवर कॉलआउट लावला तर फक्त व्यास येतो, M6 हा शब्द कुठेच येत नाही.

## मग वर्तुळ कधी काढायचं?

वायर जायची जागा, बेअरिंगचा मोठा बोअर, वजन कमी करायची भोकं, लेझर कटिंगची DXF यांना वर्तुळच योग्य. ज्या होलमध्ये स्टँडर्ड बोल्ट किंवा स्क्रू जाणार, त्यासाठी `Hole` फीचर. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर तक्त्याचा आकडा सुरुवात म्हणून घ्या. प्रिंटमध्ये होल सहसा थोडे लहान येतात, म्हणून आधी छोटा तुकडा प्रिंट करून बोल्ट घालून पाहा.

## आमच्या प्लेट्सचं काय झालं?

खालची प्लेट वाचली. काकांनी ६ मिमीचे होल ६.८ पर्यंत वाढवले आणि M8 चे आटे पाडले. वरची वाचली नाही. M8 बोल्टचं डोकं ८ मिमी उंच असतं, ते १० मिमीच्या प्लेटमध्ये बुडवायचं तर खाली जेमतेम २ मिमी उरत होते आणि कंपन करणाऱ्या मोटरखाली ते कुणालाच पटलं नाही. १५ मिमी जाडीची नवी प्लेट घ्यावी लागली आणि खर्च चौघांत वाटला. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री मोटर बसली.

नवं ड्रॉइंग द्यायला गेलो तेव्हा काकांनी मॉडेल पाहिलंच नाही. त्यांनी PDF उघडली, होलवर M8 लिहिलंय ते पाहिलं, खिशातून बोल्ट काढून लांबी मोजली आणि म्हणाले, "आता सांग बोल्ट किती लांब घेतला तू." तेव्हापासून ड्रॉइंग पाठवण्याआधी मी हाच प्रश्न स्वतःला विचारतो. तुमच्या प्रोजेक्टमधल्या एखाद्या होलचा आकडा अडत असेल तर बोल्टचं नाव, प्लेटची जाडी आणि बोल्टची लांबी कमेंटमध्ये लिहा, आपण मिळून गणित करू.